शून्य काढा, अधिक चिन्ह लावा

ईमेलच्या तळाशी फोन नंबर देणाऱ्या प्रत्येकानं तो नंबर एकदा तरी मोबाइलवरून, त्या ईमेलमधूनच लावून पाहावा. छापील लेटरहेडवरची जुनी ओळ तशीच्या तशी उतरवायची आणि वर 'कधीही संपर्क साधा' असं लिहायचं, हा वाचणाऱ्यावर अन्याय आहे. कागदावरचा नंबर माणूस वाचतो, त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवतो आणि मग बटणं दाबतो. ईमेलमधला नंबर आता फोन वाचतो. बोट टेकवलं की त्याला जेवढे आकडे सापडले तेवढे तो लावून मोकळा होतो.

समजा, पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागानं दुबईत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थिनीला गुणपत्रिकेबद्दल ईमेल पाठवली आहे. खाली नंबर असा आहे. खऱ्या आकड्यांच्या जागी मी शून्यं घातली आहेत, म्हणजे कुणाला नाहक फोन जाणार नाही.

```
Ph: (020) 00001234/35/36 Extn. 214
```

हा नंबर पुण्यात बसून वाचला तर त्यात काही खटकत नाही. दुबईत त्यावर बोट टेकवलं की फोन `020` पासून सुरुवात करतो, आणि तिथलं नेटवर्क ते आकडे आपल्याच देशातले समजतं. संयुक्त अरब अमिरातींत `02` हा अबुधाबीचा कोड आहे. पुण्याकडे जाण्याचा रस्ताच त्या आकड्यांत लिहिलेला नाही, तर फोन जाणार कुठून?

यावर अनेक कार्यालयं पुढे नुसतं `+91` चिकटवतात आणि काम झालं असं समजतात. `+91 (020)` हे अर्धवट काम आहे. `020` मधलं पहिलं शून्य पुण्याच्या कोडचा भाग नाही. देशातल्या देशात दुसऱ्या गावी फोन लावायचा आहे, एवढंच ते एक्स्चेंजला सांगतं. पुण्याचा कोड आहे `20`, मुंबईचा `22`, नाशिकचा `253`, पणजीचा `832`. `+91` आलं की शून्याचं काम संपतं, म्हणून ते काढायचं. कंसात `(0)` लिहून दोन्ही दगडांवर पाय ठेवणारेही आहेत. कंस माणसाला कळतो, फोनला कळेलच याची खात्री नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची क्रमांक लिहिण्याबद्दलची शिफारसही आंतरराष्ट्रीय क्रमांकात कंस नको असंच सांगते. (हा शून्याचा नियम सगळ्या जगाला लावू नका. इटलीत `+39` नंतरही शून्य ठेवावं लागतं.)

आपला नंबर बरोबर आहे का, हे तपासायला एक सोपी मोजणी आहे. `+91` च्या पुढे दहा आकडे हवेत, लँडलाइन असो की मोबाइल. पुण्याच्या कोडचे दोन आकडे आणि नंबरचे आठ. नाशिकच्या कोडचे तीन, म्हणून नंबरचे सात. अकरा भरले तर बहुधा शून्य राहून गेलं आहे.

आणि `0091` लिहू नका. आखातात ते चालतं, कारण तिथून परदेशी फोन करताना आधी `00` लावतात. अमेरिकेतून तेच काम `011` करतं आणि ऑस्ट्रेलियातून `0011`. तुमची ईमेल उद्या न्यू जर्सीत उघडली गेली तर `0091` तिथे निकामी. `+` हे चिन्ह यासाठीच आहे. मोबाइलवरून फोन करणारा ज्या देशात असेल तिथला योग्य उपसर्ग नेटवर्क स्वतःच लावतं. पुण्यातल्या पुण्यात मोबाइलवरून लावतानाही `+91` असलेला नंबर बिनबोभाट लागतो. त्यामुळे देशातल्यांसाठी वेगळा आणि परदेशातल्यांसाठी वेगळा असे दोन नंबर देण्याची गरज नाही.

आता `/35/36`. ही छापखान्यातली जागा वाचवण्याची सवय आहे, आणि ईमेलमध्ये जागेची टंचाई कधीच नव्हती. तिरप्या रेघेपुढच्या दोन आकड्यांनी पूर्ण नंबर कसा बनतो, हे फोनला कळत नाही. शिवाय या तिन्ही लाइन बहुतेक वेळा एकाच हंटिंगमध्ये असतात. पहिली व्यग्र असली की घंटा आपोआप पुढच्या लाइनवर वाजते. तसं असेल तर पहिला नंबर पुरेसा आहे. आपल्याकडे हंटिंग आहे का, हे बोर्ड सांभाळणाऱ्याला विचारलं की लगेच कळतं. नसेल तर प्रत्येक नंबर पूर्ण, वेगळ्या ओळीवर लिहा.

खरी गोची एक्स्टेन्शनची. `+91 20 0000 1234 214` असं सलग लिहिलं तर शेवटचे तीन आकडेही नंबरचाच भाग ठरू शकतात. एक्स्टेन्शन लावायचं ते पलीकडून फोन उचलल्यावर, म्हणून मध्ये थांबा हवा. बहुतेक स्मार्टफोनवर स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंदांचा थांबा. अर्धविराम दिला तर फोन तुमच्या बोटाची वाट पाहतो आणि तुम्ही सांगितल्यावरच पुढचे आकडे पाठवतो. लिंक करायची असेल तर ती अशी दिसेल:

```
<a href="tel:+912000001234,,,,214">+91 20 0000 1234</a>
```

चार स्वल्पविराम का? समजा, बोर्डवरचा ध्वनिमुद्रित संदेश सात सेकंदांचा आहे आणि तो संपल्याशिवाय यंत्र आकडे घेत नाही. मग आठ सेकंदांचा थांबा लागेल. काही यंत्रं संदेश चालू असतानाही आकडे घेतात, तिथे कमी चालतील. हे घड्याळ लावून आपल्याच बोर्डवर तपासावं लागतं, आणि संदेश बदलला की पुन्हा तपासावं लागतं. फोन माणूस उचलत असेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य. त्याच्या कानात तीन पिप् पडतील, तेवढंच.

म्हणून माझा आग्रह साध्या पद्धतीचा आहे. नंबर एका ओळीवर, एकटा. एक्स्टेन्शन खालच्या ओळीवर, शब्दांत:

```
+91 20 0000 1234
एक्स्टेन्शन 214 (परीक्षा विभाग)
```

विभागाचं नाव दिलं की ऑपरेटरला काय सांगायचं तेही कळतं. नंबर वेगळ्या ओळीवर असला की ओळीच्या शेवटी तुटून त्याचे दोन तुकडे होत नाहीत. आकडे इंग्रजी ठेवा. मजकूर मराठी असला तरी देवनागरी आकड्यांना सगळी मेल ॲप नंबर म्हणून ओळखतीलच असा भरवसा नाही. नंबर सुबक चित्रात घालण्याचा हौशी उद्योग तर ताबडतोब थांबवा. चित्रातल्या नंबराची साधी नक्कलही नीट करता येत नाही.

टोल-फ्रीचं काय? `1800` चे नंबर देशातल्या ग्राहकांसाठी असतात आणि परदेशातून सहसा लागत नाहीत. त्यांच्या आधी `+91` जोडूनही फरक पडत नाही. ज्यांचे ग्राहक किंवा विद्यार्थी बाहेर आहेत त्यांनी सोबत एक साधा लँडलाइन किंवा मोबाइल नंबर द्यायलाच हवा.

सिग्नेचर बदलल्यावर ती ईमेल आधी स्वतःला पाठवा आणि मोबाइलवर उघडा. नंबरवर बोट दाबून धरलं की फोन नेमके कोणते आकडे लावणार आहे ते बहुतेक फोनवर दिसतं. तिथे `+91` आणि पुढे दहा आकडे दिसले तर फोन लावा. सुरुवातीला किंवा `+91` च्या लगेच पुढे `0`, किंवा कुठेही `/` दिसलं तर ईमेल परत दुरुस्तीला घ्या.