ताळा जुळवणाऱ्या मावशी

नागपूरच्या धंतोलीत ज्या घरावर डॉक्टरची पाटी नाही, त्या घरातली माणसं करतात तरी काय, असा प्रश्न नव्या माणसाला पडतोच. गल्लोगल्ली दवाखाने, त्यांना लागून औषधांची दुकानं, आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या गाड्या आपल्या फाटकासमोर. मावशींच्या फाटकाला पाटी नाही. त्यामुळे हातात एक्स-रेचा लिफाफा घेऊन कुणी ना कुणी रोज आत येतं आणि विचारतं, "डॉक्टर बसले का?" मावशी शांतपणे सांगतात, "डॉक्टर बाजूच्या फाटकात. इथे मी पत्ते बघते. नवराबायको दोघं असाल तर बसा."

मावशी टॅरोचे पत्ते बघतात. पण टॅरोवाली बाई म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारं काहीच त्यांच्याकडे नाही. उदबत्ती नाही, जांभळं मखमली कापड नाही, स्फटिक नाहीत. त्या सरकारी बँकेतून निवृत्त झाल्या, आणि शेवटची बरीच वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात घालवली. ती सवय पेन्शनबरोबर घरी आली. निवृत्तीला भाचीनं गंमत म्हणून टॅरोचा कॅट दिला, तर मावशींनी आधी तो मोजला. 78 भरले. मगच घेतला.

एकट्या माणसाचं रीडिंग त्या करत नाहीत. "एकट्याचं खातं मी उघडत नाही," असं तोंडावर सांगतात. एकटा माणूस स्वतःला हवं तेच पत्त्यात बघतो आणि त्याला अडवायला समोर कुणी नसतं, हे त्यांचं कारण. बँकेत एकानं नोंद केली तर दुसऱ्यानं ती तपासायची असते. लग्नातही तसंच असावं, असं या बाईंना मनापासून वाटतं. त्यांचे यजमान या विषयावर काही बोलत नाहीत. ते आतल्या खोलीत पेपर वाचत असतात.

मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मावशींना रीडिंगच्या वेळी घड्याळ लावून बसणारा माणूस लागतो आणि भाडेकरू नाही म्हणू शकत नाही. म्हणून मी हे सगळं जवळून पाहिलं आहे. एक जोडपं त्यातल्या त्यात चांगलं लक्षात राहिलं. पन्नाशी उलटलेले भाऊ आणि वहिनी, याच भागातलं वडिलोपार्जित घर, मुलगा पुण्यात, आणि शेजारच्या दवाखान्याला विस्तारासाठी जागा हवी. प्रश्न एकच, असं दोघंही म्हणाले.

"एकच असेल तर लिहून द्या," मावशी म्हणाल्या. दोघांना वेगवेगळे कागद दिले. भाऊंनी लिहिलं, "घर कधी विकावं?" वहिनींनी लिहिलं, "घर विकावं का?" मावशींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून बघितलं. "हा एक प्रश्न आहे का? भाऊ, तुमचा तर निकाल लागून गेला आहे, तुम्ही फक्त तारीख मागून राहिले." भाऊ म्हणाले, "अहो, मतलब तोच नं." वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पर्स मांडीवरून बाजूला ठेवली, म्हणजे त्यांना आता घाई नव्हती.

लोकांना वाटतं की जोडीच्या रीडिंगमधला अवघड भाग पत्ते ओळखणं हा आहे. खरी कसरत इथे असते. दोघांनी मिळून एकच वाक्य ठरवायचं. त्यात कुणाचंही उत्तर आधीच दडलेलं नको आणि ते हो-नाहीत संपणारंही नको. भाऊ-वहिनींचा चहा निवला, दुसरा आला, तोही निवला. शेवटी ठरलं: "या घराचं पुढे काय करताना आम्ही दोघांनी कशाकडे बघायला हवं?" भाऊंना हे वाक्य फारच गुळमुळीत वाटलं. मावशी म्हणाल्या, "भाव विचारायचा असेल तर ब्रोकरकडे जा. धंतोलीतल्या जागेचा भाव पत्त्याला माहीत नसतो."

मग बसण्याची जागा. भाऊ सवयीनं वहिनींच्या समोर बसले. मावशींनी त्यांना उठवलं आणि वहिनींच्या शेजारी, एकाच सोफ्यावर बसवलं. यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही. टॅरोत पत्ता उलटा पडला तर त्याचा अर्थ बदलतो असं मानणारे बरेच असतात. समोरासमोर बसलं की एकाला सुलटा दिसणारा पत्ता दुसऱ्याला उलटाच दिसणार. मग घरी जाऊन भांडण होतं ते पत्त्यावरून नाही, खुर्चीवरून. शेजारी बसताना दोघंही जरा अवघडले. बऱ्याच दिवसांत बसले नसावेत.

पत्ते दोघांनी पिसायचे. भाऊंनी क्लबातल्या रमीसारखे फर्रकन पिसले, वहिनींनी टेबलावर पसरून हातानं गोल फिरवले. मावशी दोन्ही चालवून घेतात. मांडणी तीनच पत्त्यांची असते. पहिला भाऊंनी ओढायचा, तो त्यांच्या बाजूचा. दुसरा वहिनींचा. तिसरा दोघांचा, आणि त्यावर दोघांनी एकाच वेळी बोट ठेवायचं. इथे हमखास गडबड होते. भाऊंचं बोट एका पत्त्यावर, वहिनींचं दुसऱ्यावर, कुणी हलेना. मावशी अशा वेळी बोलत नाहीत, मला वेळ बघायला लावतात. अखेर वहिनींचं बोट सरकलं. मावशींनी वहीत ते टिपून ठेवलं.

पत्ते निघाले ते असे. भाऊंचा पेंटॅकल्सचा चौथा: मुकुट घातलेला माणूस दगडावर बसला आहे, एक नाणं डोक्यावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायांखाली. वहिनींचा तलवारींचा सहावा: नावाडी बांबूनं नाव ढकलतो आहे, नावेत पाठमोरी बाई आणि एक मूल, पुढे सहा तलवारी रोवलेल्या. दोघांचा पेंटॅकल्सचा दहावा: कमानीजवळ बसलेला पांढऱ्या केसांचा म्हातारा, दोन कुत्री, एक जोडपं, आणि बाईच्या आडून डोकावणारं पोर.

ही चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी 1909 साली लंडनमध्ये आर्थर वेट यांच्यासाठी काढली. त्याआधीच्या बहुतेक कॅटांत छोट्या पत्त्यांवर नुसतीच चिन्हं असत, आपल्या चौकट-बदामसारखी. चार नाणी म्हणजे चार नाणी. त्याकडे बघून दोन माणसं वेगळं काय सांगणार? स्मिथबाईंनी छपन्न पत्त्यांवरही माणसं आणली म्हणून मावशींचा उद्योग चालतो. (आपली सावंतवाडीची गंजिफा याहून देखणी, दशावताराची तर 120 पत्त्यांची. पण ती खेळायची. मुळात टॅरोही पंधराव्या शतकात इटलीत खेळायलाच निघाला होता.)

पत्ते मांडून झाले की पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकानं तिन्ही पत्त्यांवर लिहायचं: आधी काय दिसतं, मग काय वाटतं. हा क्रम मावशींनी सक्तीनं पाळला, कारण माणसं पहिलं सोडून थेट दुसऱ्यावर उडी मारतात. वेळ संपली की कागद बदलायचे आणि आपला नाही, जोडीदाराचा कागद मोठ्यानं वाचायचा. भाऊंनी वहिनींचं अक्षर लागत नाही म्हणून कुरकुर केली. "किराण्याची यादी लागते नं?" वहिनी म्हणाल्या.

पेंटॅकल्सच्या चौथ्यावर भाऊंनी लिहिलं होतं: "सावध माणूस. भांडवल सांभाळून आहे." त्याच पत्त्यावर वहिनींचं: "याला उठता येत नाही. उठला तर पायाखालची नाणी सुटतील." भाऊंनी हे वाचलं आणि पत्ता पुन्हा हातात घेऊन तपासला. नाणी खरोखरच पायाखाली होती.

नावेवर भाऊंनी तलवारी मोजल्या आणि लिहिलं, "या उपटल्या तर नावेला भोकं पडतील, सामान सोबत घेऊनच जायचं." ही गोष्ट टॅरोवाले नेहमी सांगतात, पण भाऊंना ती आपोआप सुचली. वहिनींनी लिहिलं होतं, "नावेच्या एका बाजूला पाणी खवळलेलं, दुसरीकडे शांत. नावाड्यानं बाईला कुठे जायचं हे विचारलेलं दिसत नाही." भाऊंनी हे वाक्य वाचताना शेवटचे शब्द जरा घाईत उरकले. मावशींनी परत वाचायला लावलं.

दहाव्यावर तर कमाल झाली. भाऊंना म्हातारा दिसला: "सगळं याचं, आणि हा फाटकाशी बसला आहे. कुणी त्याच्याकडे बघत नाही." वहिनींच्या कागदावर म्हातारा नव्हताच. त्यांना कुत्र्याला हात लावणारं पोर दिसलं आणि आपापसात बोलणारं जोडपं. भाऊंच्या कागदावर पोर नव्हतं.

मग मावशींचा ताळा. दोघांचं जुळलं तिथे बरोबरची खूण, उलटसुलट निघालं तिथे फुली, आणि फक्त एकालाच दिसलं तिथे गोल. जोडपी फुल्यांवर भांडतात. मावशींचा सारा जीव गोलांवर. जे एकाला दिसतं आणि दुसऱ्याला दिसतच नाही, तेवढंच त्यांच्या मते या खटाटोपातून हाती लागतं. म्हाताऱ्यावरच्या गोलावर बोलणं झालं तेव्हा कळलं, की भाऊंना म्हातारपणी आपल्याच घराच्या बाहेर पडण्याची भीती होती, म्हणून ते आधीच विकून मोकळे होऊ पाहत होते. हे वहिनींना माहीत नव्हतं. "मला कधी बोलले नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. भाऊ म्हणाले, "विषय कुठे निघाला?"

ताळा फसतो तो दोन-तीन ठरलेल्या कारणांनी. एकानं आधी बोलून टाकलं की दुसऱ्याचं मत तिकडेच झुकतं. "ती म्हणते तसंच" अशी सुरुवात झाली की मावशी तो कागद फाडतात. एकानं पुस्तकातले अर्थ पाठ केले असतील तर तो चित्र बघतच नाही. आणि उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा पत्ते ओढायला मावशी साफ नकार देतात. परिस्थितीत काही बदललं तरच पुढचं रीडिंग.

एकदा अंधश्रद्धा निर्मूलनवाले शेजारी तावातावानं आले. नागपुरात या कामाची परंपरा जुनी. मावशींनी त्यांना पोहे दिले आणि नारळीकरांची चाचणी स्वतःच सांगितली: 2008 साली पुण्यात 27 ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या, मूल हुशार की मतिमंद एवढंच ओळखायचं होतं, आणि सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. छापा-काटा उडवला असता तरी याहून बरं झालं असतं. "मी नारळीकरांच्या बाजूनं," मावशी म्हणाल्या. "भविष्य सांगायची माझी पात्रता नाही. पत्त्यांना काही कळत नाही, हे मी रोज बघून राहिले. माणसांनाही एकमेकांचं कळत नाही, ते सोबत बघते." शेजारी तर्री मागून घेऊन गेले. नंतर बायकोला घेऊन आले.

भाऊ-वहिनींनी घर विकलं नाही. तळमजला अकरा महिन्यांच्या करारानं दवाखान्याला दिला आणि स्वतः वर राहतात. फाटकाशी आता पेशंटांच्या गाड्या लागतात, त्यावरून भाऊ रोज वाद घालतात, पण तो वेगळा विषय.

मावशी पैसे घेत नाहीत. तुम्हाला जायचं असेल तर दोन पेनं घेऊन जा. एकाच पेनानं दोघांनी आळीपाळीनं लिहिलं की दुसरा पहिल्याचा कागद बघतोच, आणि मावशी ते चालवून घेत नाहीत.