मामाजींचा आठवा चंद्र

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. आमचे मामाजी वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झाले. सागाचा घेर नजरेनं सांगणं, वाऱ्यावरून पाऊस सांगणं आणि पाहुणा दारात येताच त्याची रास विचारणं, ही त्यांची तीन कामं. पैकी पहिली दोन आता बंद पडल्यामुळे सगळा भार तिसऱ्यावर आला आहे. मूल गावच्या घरी गेलो की पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधी प्रश्न येतो, "का जी जावईबापू, चंद्र कितवा चालू आहे?"

मामाजींची रास वृश्चिक. गोचराचा साधा नियम असा, की जन्मराशीपासून चंद्र चौथा, आठवा किंवा बारावा असला की दिवस वाईट. म्हणजे मामाजींना कुंभ, मिथुन आणि तूळ राशीतला चंद्र सोसत नाही. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो. आठव्या चंद्रात मामाजी घराबाहेर पडत नाहीत, उधार देत नाहीत आणि मामीजींशी वाद घालत नाहीत. तिसरी गोष्ट मामीजींना पटते, म्हणून त्या चंद्राच्या विरोधात नाहीत.

मी एकदा "हे खरं कशावरून?" असं विचारायची चूक केली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तांबड्या पुठ्ठ्याची वही आणली. "वर्षभर लिहून दाखवतो," म्हणाले. 29 मार्च 2025 ला शनी मीनेत गेला आणि 30 ला पाडवा होता. मामाजींच्या मते एवढा सरळ मुहूर्त शनी पुन्हा देणार नव्हता.

वहीला दोन रकाने होते. डावीकडे पंचांगातून चंद्र, उजवीकडे घटना. खात्यात रोज बीटची डायरी लिहिलेला माणूस, त्यामुळे अक्षर सुरेख आणि वेळ मिनिटासकट. 'चंद्र आठवा. सकाळी 7.10, वानरांनी कवेलू फोडले. दुपारी लाईट गेली. सायंकाळी चहात माशी.' मे महिन्याच्या वीस तारखेला जयंत नारळीकर गेले, तेव्हा संध्याकाळी चंद्र कुंभेत होता. मामाजींनी ते चौथ्या चंद्राखाली लिहून ठेवलं. मी म्हटलं, "मामाजी, गेले ते, मग चंद्र तुमचा कसा?" म्हणाले, "वाईट मला वाटलं ना जी!"

मग मी त्यांना सांगितलं, की 2008 साली नारळीकरांनी ज्योतिषच तपासून पाहिलं होतं. सोबत सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे होते. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे कुंडल्या जमवल्या. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून कोणती कोणाची ते सांगितलं. सरासरी 46 टक्के बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तर पन्नास आलं असतं. मामाजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नाण्याची रास कोणती होती?"

जूनअखेर त्यांनी पहिला हिशोब मांडला. वाईट नोंदी 31, त्यातल्या 22 चौथ्या, आठव्या, बाराव्या चंद्रात. बारापैकी तीन राशी म्हणजे दिवसांचा पाव हिस्सा. नुसत्या योगायोगानं आठाच्या आसपास यायला हव्या होत्या. मामाजींनी पेढे आणले. पेढा तोंडात असतानाच मामीजी म्हणाल्या, "चंद्र सातवा असला तर आपली लाईट जात नाही का? काल दोन तास नव्हती, ते काऊन नाही लिहिलं?"

मामाजींनी वही चाळली. कालच्या रकान्यात 'शांत दिवस' असं होतं.

मला वाटलं आता भांडण होणार. झालं भलतंच. मामाजी वही मिटून म्हणाले, "मी पगमार्क काढून राहिलो ना जी." मग त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या उमेदीत वाघ मोजत ते पावलांच्या ठशांवरून. ठशावर काच धरायची, बाहेरची रेघ उतरवायची, साहेबांना द्यायची. ज्या बीटगार्डला आपल्या बीटात तीन वाघ आहेत हे आधीच ठाऊक, त्याला ठसेही तीनच वाघांचे दिसत. कोणी मुद्दाम खोटं करत नसे, डोळाच तसा झालेला असे. 2005 साली राजस्थानातल्या सरिस्क्यात वाघच उरले नाहीत असं उघड झालं आणि कागदावरचे वाघ कागदावरच राहिले. पुढे ठशांची मोजणी गेली, कॅमेरे आले. "कॅमेऱ्याले माहीत नसते साहेबाले किती वाघ पायजे ते."

म्हणून जुलैपासून कॅमेरा बसवायचं ठरलं. पंचांग माझ्या ताब्यात, चंद्रपूरला. रोज रात्री नऊ वाजता दिवसाला एक ते पाच गुण द्यायचे. एक-दोन म्हणजे वाईट, आणि ही व्याख्या पुढे बदलायची नाही. पंचांगाशी ताडणं एकदम शेवटी.

आठ दिवसांत लक्षात आलं, की चंद्र कपाटात ठेवता येत नाही. मामाजी अंगणात खाटेवर झोपतात आणि पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारी चंद्र दिसला की त्यांना मिथुन कळते. तेव्हा गुण मामीजींनी द्यायचे ठरले. पण मामीजी मामाजींच्या चेहऱ्यावरून चंद्र ओळखतात. चाळीस वर्षांचा सराव आहे. शिवाय आठव्या चंद्रात मामाजी घरीच बसतात, म्हणजे त्या दिवशी पंक्चर व्हायचीही सोय नाही. श्रावणभर ढग राहिले, ती या प्रयोगाला मिळालेली एकमेव मदत.

मधल्या काळात मामाजींना वेधाची आठवण झाली. एखाद्या ग्रहाचं फळ दुसरा ग्रह अडवतो, त्याला वेध म्हणतात. चुकलेला प्रत्येक दिवस त्यात बसवता येतो. मी म्हटलं, वेध लावायचा असेल तर सकाळी सांगा, रात्री नाही. त्यावर दोन आठवडे अबोला झाला. तेव्हा चंद्र कितवा होता, ते मी विचारलं नाही.

18 मार्च 2026 ला, पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, पंचांग घेऊन मूलला गेलो. जुलैपासूनचे 261 दिवस होते. मामीजींच्या हिशोबानं 52 वाईट. पाव म्हणजे 13. मामाजींनी स्वतः बोटावर मोजले: 14. पुन्हा मोजले. पुन्हा 14. मी सांगितलं, एवढ्या दिवसांत चार-पाच इकडेतिकडे झाले तरी तो योगायोगच धरतात. त्यांनी मान डोलावली. खात्यातला माणूस, मोजलेला आकडा नाकारत नाही.

जेवणं झाली. मामीजी भांडी आवरत होत्या. मामाजी अंधारात एकदम उठून बसले.

"जावईबापू, गुण कोणी दिले?"

"मामीजींनी."

"मग रास कोणाची पायजे?"

रात्री साडेदहाला आम्ही मामीजींच्या सिंह राशीवरून सगळे दिवस पुन्हा मोजले. 19 आले. मामाजींचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला. मी म्हटलं, अहो, बाराही राशी लावून पाहिल्या तर एखादीत असा आकडा चढू शकतोच. आता सिंह धरायची तर कोऱ्या वहीत, आधी लिहून. मामाजी उठले आणि पेटीतून हिरव्या पुठ्ठ्याची वही काढली. ती आधीच आणून ठेवलेली होती.

"गुण आता कोण देईन?" मी विचारलं. मामीजी आतून म्हणाल्या, "मी नाही देत. मले ठाऊक झालं ना आता, माही रास सिंह आहे."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"तुमची रास कोणती जी?" मामाजी म्हणाले.