मधल्या सीटवरचा दिगू

डोंबिवलीहून सकाळी निघणाऱ्या फास्ट लोकलमध्ये तिघांच्या एका बाकावर खिडकीशी जोश्या बसतो, कडेला सावंत आणि मध्ये आमचा दिगू. मी समोर. खंडेनवमीपासून जोश्या आणि सावंत यांचा अबोला होता, पण बाक कुणीच सोडला नाही. मित्र काय, दुसरा मिळतो; बसायची जागा गेली तर दादरपर्यंत उभं राहावं लागतं. त्यामुळे अबोला त्याच बाकावर, दिगूच्या मांडीवरून चालायचा.

भांडणाचं मूळ डब्याच्या पूजेत. खंडेनवमीला गाडीत तोरणं, हार, आरती, पेढे असा थाट असतो. 24 जणांनी शंभर-शंभर दिले, म्हणजे 2400. खजिनदार सावंत. त्याने ग्रुपवर 1850 रुपये खर्च कळवला. त्याखाली जोश्याने लिहिलं, ‘बाकीचे?’ बस, एवढंच. पण ते प्रश्नचिन्ह सावंताच्या काळजात रुतलं. आदल्या संध्याकाळी ऑफिसातून निघून दादरच्या फुलबाजारात झेंडूसाठी धक्के खाल्ले त्याने, आणि हा हिशोब मागतो! सावंत ग्रुपमधून बाहेर पडला आणि रात्रीतून त्याने दुसरा ग्रुप काढला. जोश्या म्हणाला, ‘आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला, तेव्हा त्यामागे निदान तत्त्व होतं.’

दिगू दोन्ही ग्रुपमध्ये.

त्याची अडचण अशी की त्याला दोघांचंही पटायचं. पैसे सगळ्यांचे, तेव्हा विचारण्यात गैर काय? पण राबणाऱ्या माणसाला असं चारचौघांत विचारतात का? हे दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही खरं मानणारा माणूस कुणालाच नको असतो. जेवणं उरकली की जोश्याचा फोन यायचा. ‘दिग्या, तू माझी बाजू घे असं मी म्हणत नाहीये हं. फक्त खरं काय ते सांग.’ खरं म्हणजे काय, ते पुढची वीस मिनिटं जोश्याच सांगायचा. सावंताची तऱ्हा निराळी. तो काही मागायचाच नाही. ‘तुझं काय बाबा, तू त्याचाच माणूस,’ एवढं बोलून गप्प बसायचा. मग ‘तसं नाही रे’पासून सुरुवात करून दिगूलाच बोलत राहावं लागायचं, आणि फोन ठेवेपर्यंत तो सावंताच्या पक्षात गेलेला असायचा.

यातून दिगूने स्वतःचा ‘हं’ घडवला. होकार नाही, नकार नाही, नुसती श्वासाची पोच. दुर्दैवाने जोश्याला तो ‘बरोबर आहे तुझं’ असा ऐकू यायचा आणि सावंतालाही तसाच. मेसेज तर तो उघडायचाच नाही. वरच्या पट्टीत दिसेल तेवढा वाचायचा, म्हणजे निळ्या खुणा नकोत. जोश्याच्या डब्यातली थालीपीठं खाल्ली की सावंताच्या डब्यातला घावनही खायचा. त्या दिवसांत त्याचं पोट जरा सुटलं, हे मी समोर बसून पाहिलंय.

घोळ झाला तो दिगूच्या चांगुलपणामुळे. सावंत म्हणाला, ‘त्याला सांग, मी चोर नाही.’ ते दिगूने ‘त्याला वाईट वाटलंय रे’ असं करून पोचवलं. जोश्या म्हणाला, ‘मला हिशोब मिळाला की विषय संपला.’ त्याचं झालं, ‘त्याला विषय संपवायचाय.’ आता दोघांचीही खात्री पटली की समोरचा नमलाय, फक्त तोंडाने म्हणायचं बाकी आहे. म्हणून दोघेही ऐटीत वाट बघत बसले. शिव्या जशाच्या तशा पोचवल्या असत्या, तर आठवड्यात मारामारी होऊन मिटलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मिटलं ते दिगू तापाने घरी राहिला त्या दिवशी. मधल्या जागेवर कुणी परका बसू नये म्हणून दोघांनी एकाच वेळी आपापली बॅग ठेवली. मग इलाजच उरला नाही.

‘तुला वाईट वाटलंय म्हणे,’ जोश्या खिडकीबाहेर बघत म्हणाला.

‘मला? कोण म्हणालं? तुलाच मिटवायचंय ना?’

‘दिग्या म्हणाला?’

‘मग आणखी कोण!’

ठाण्यापर्यंत दोघांनी आपापल्या फोनवरचे दिगूचे मेसेज एकमेकांना वाचून दाखवले. घाटकोपरला सावंताने जोश्याच्या हातावर टाळी दिली. कुर्ल्याला दोघे दिगूबद्दल जे बोलले, ते मी इथे लिहीत नाही. ‘दोन्ही डगरींवर पाय’ हा त्यातला सगळ्यात सौम्य भाग.

उरलेल्या 550 रुपयांचे त्याच आठवड्यात डब्यात समोसे आले. पुढच्या पूजेचा खजिनदारही तेव्हाच एकमताने ठरला: दिगू. हिशोब विचारायचं काम जोश्या आणि सावंत यांनी मिळून अंगावर घेतलं आहे.