लंबोदराच्या गावातले जिमवाले सर

तालुक्याच्या गावात सर तीन प्रकारचे असतात. शाळेतले, क्लासमधले आणि जिममधले. पहिल्या दोघांना लोक रस्ता ओलांडून नमस्कार करायला येतात. जिमवाले सर समोरून आले की लोक रस्ता ओलांडून पलीकडे जातात. कारण वर्षाची फी भरलेली असते आणि संक्रांतीनंतर तोंड दाखवलेलं नसतं.

आमच्या सरांची जुनी जिम पेणला, नवी रोह्याला. सकाळची बॅच पेणला घ्यायची, दुपारी जेवून मोटरसायकल काढायची आणि नागोठण्यावरून भिसे खिंड चढून रोहा गाठायचा. वय चाळिशीचं. टी-शर्ट मात्र पंचविशीतला. त्यांना मोजायची इतकी सवय लागली आहे की हॉटेलात कुणी चहात साखर घालू लागला तरी ते म्हणतात, "शाब्बास, अजून एक!"

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सरांचा फ्लेक्स लागतो. पूर्वी त्यावर ठळक अक्षरांत असायचं: "ढेरी घटवा, लाज वाचवा! वर्षाची फी फक्त ६०००!" खाली दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. दोन्ही परदेशी गृहस्थ, आणि नीट पाहिलं तर दोन वेगळे गृहस्थ. हा फ्लेक्स नेमका गणपतीच्या एका कारखान्यासमोर लागला. पेण म्हणजे हमरापूर-जोह्यापर्यंत मूर्तीच मूर्ती. इथून दर वर्षी लाखोंनी लंबोदर बाहेर पडतात, काही तर बोटीने परदेशी जातात. कारखानदार हात पुसत बाहेर आले, फ्लेक्स वाचला आणि म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी दुसरीकडे लावा. आमचं सगळं गाव या पोटावर जगतंय. गिऱ्हाईक मूर्तीचं पोट लहान झालं तर परत आणून देतं."

सर हसले, पण ते काही त्यामुळे बदलले नाहीत. त्यांना बदललं हजेरीच्या वहीने. जानेवारीत वहीला पानं पुरत नाहीत. रथसप्तमीपर्यंत सह्या विरळ होतात आणि शिमग्याला वही आणि तिला बांधलेलं पेन दोन्ही धूळ खातात. हे काही पेणचं वैशिष्ट्य नाही. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उलरिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या जिमच्या हजेऱ्या तपासून २००६ साली निबंध छापला. महिन्याला ७० डॉलरच्या वर फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी चारेक वेळा जात होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप १० डॉलरला पडली असती. सरांचा हिशेब याहून साधा. ६००० भरून माणूस १५ वेळा आला, तर एक खेप त्याला ४०० रुपयांना पडली. एवढ्यात सुरमईचं ताट येतं.

आता जिमचा धंदा न येणाऱ्यांवरच चालतो हे उघड गुपित आहे. दीडशे जणांनी फी भरलेली असते आणि आत एका वेळी वीस माणसं कशीबशी मावतात. सगळेच आले तर डंबेलसाठी टोकन काढावं लागेल. मोठ्या शहरात हे खपतं, कारण तिथे दर जानेवारीला नवी माणसं मिळतात. पेण-रोह्यात तीच माणसं. गेल्या वर्षी न आलेला माणूस यंदा मासळीबाजारात भेटतो, नजर चुकवतो आणि बायकोला सांगतो, "त्या जिममध्ये काही राम नाही." शिवाय पेणकरांना एकदम पैसे कुठे ठेवायची भीती वाटते. २०१० साली गावातली बँक बुडाली तेव्हापासून वर्षाची रक्कम आगाऊ म्हटलं की इथला माणूस आधी समोरच्याचा चेहरा बघतो आणि मग इमारत भाड्याची आहे का ते विचारतो.

सरांना हळूहळू उमगलं ते एवढंच, की लाजेने सही मिळते, पाय मिळत नाहीत. ढेरीची लाज वाटून जो आला, त्याच्या चारी बाजूंना आत आरसे. दारात वजनकाटा आणि त्याच्याजवळ सरांचा मदतनीस पोरगा, एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात ओरडणारा: "ब्याण्णव!" त्यानंतर तो माणूस पुन्हा का येईल? बारीक पोरांचीही तीच गत. त्यांना "काडी पहिलवान" म्हटलं की ती तीन दिवस ईर्ष्येने दुप्पट वजन उचलत आणि चौथ्या दिवशी हात वर होईना म्हणून केसही न विंचरता कॉलेजला जात.

म्हणून सरांनी ऑफर बदलली. वजनकाटा मागच्या खोलीत गेला. ज्याला हवं त्याने विचारावं, आकडा त्याच्या कानातच सांगितला जाईल. फोटो उतरले, फक्त बजरंगबलीचा राहिला. त्यांच्या अंगाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पोराला नियम लावला की कुणाच्या अंगावरून बोलला तर त्या माणसाला चहा पाजायचा. पहिल्या आठवड्यात पोराचा पगार टपरीवर गेला.

पैशांची रचना अशी. महिन्याला ८००. वर्षाचं पॅकेजच नाही. महिन्यात १२ हजेऱ्या झाल्या की पुढच्या महिन्याचे ५०० च द्यायचे. म्हणजे सरासरी आठवड्याला तीन खेपा, रोज नको. सलग दिवस मोजायचे नाहीत हे सरांना रोह्याने शिकवलं. धाटावच्या कारखान्यांतली माणसं आठवड्याला पाळी बदलतात. सलग २१ दिवसांचं आव्हान त्यांच्यापुढे ठेवलं की पहिल्या नाइट शिफ्टला साखळी तुटते, आणि साखळी तुटली की माणूस म्हणतो, आता काय, पुढच्या वर्षी. महिन्याच्या हिशेबात नाइटचा आठवडा वाया गेला तरी बाकीच्या तीन आठवड्यांत चार-चार खेपा मारून १२ भरतात. पेणच्या मूर्तिकारांना आषाढापासून चतुर्थीपर्यंत मान वर करायला वेळ नसतो, त्यांची फी तेवढे महिने गोठवून ठेवायची. बाप्पाच्या रजेला कोण नाही म्हणणार?

या ऑफरलाही पळवाट निघालीच. काही जण येत, सही करत, आरशात एक सेल्फी काढत आणि समोर वडापाव खायला जात. तेव्हा सरांनी सही बंद केली. आता प्रत्येकाची छोटी वही असते. आज काय केलं, किती वजनाने, किती वेळा, हे स्वतःच्या हाताने लिहिलं तरच हजेरी. वडापाव लिहिता येत नाही, असं वाटलं होतं. एकाने लिहिला. "२ नग, उजव्या हाताने."

प्रवेशाच्या अर्जात वजनाचा रकानाच नाही. बीपी, साखर, छातीत दुखणं, जुनं दुखणं हे मात्र सर खोदून विचारतात आणि शंका आली की आधी डॉक्टरची चिठ्ठी मागतात. नंतरचा प्रश्न एकच: "तुम्हाला काय जमायला हवंय?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. मूर्तीची आखणी करणारा कारागीर म्हणाला, दिवसभर पाटावर बसून मान धरते, संध्याकाळी डोळे रंगवताना हात हलतो. एक वहिनी म्हणाल्या, झोपलेल्या लेकाला खांद्यावर घेऊन स्टेशनचा पूल चढायचाय, यांना सांगून उपयोग नाही. आणि रोह्याचे एक काका म्हणाले, "मला खाली बसून उठायचंय."

काका कारखान्यातून निवृत्त झालेले. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, जिला पोलीस सलामी देतात. तेव्हा दारात खाली बसून नमस्कार केला आणि उठवायला दोन माणसं लागली, हे त्यांच्या मनाला लागलेलं. सरांनी त्यांना मशीनजवळ नेलंच नाही. एक खुर्ची, तिच्यावर दोन उशा. बसायचं आणि हात न टेकता उठायचं, आठ वेळा. थोडं थांबून पुन्हा आठ, पुन्हा आठ. शेवटच्या दोन उठबशा जड गेल्या पाहिजेत, पण चेहरा वाकडा होता कामा नये, ही सरांची मोजपट्टी. तीन वेळा आठ सहज जमू लागलं की एक उशी काढायची. मग दुसरी. मग खुर्चीऐवजी पाट. सगळ्यात शेवटी छातीशी पाच किलोचं डंबेल.

पहिल्या दिवसानंतर सर काकांना बजावून म्हणाले, "आज काही वाटणार नाही. उद्या, परवा मांड्या दुखतील. ते दुखणं चढतं आणि उतरतं, दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचलं किंवा सूज आली तर मात्र थांबा, मला फोन करा." नव्या माणसाची गळती बहुधा याच तिसऱ्या दिवशी होते. शौचालयात बसताना त्याला आईची आठवण येते आणि आपल्याला जिम मानवत नाही असा निष्कर्ष निघतो. आधी सांगून ठेवलं की तोच माणूस दुखण्याची फुशारकी मारत परत येतो. काकांनी तर शेजाऱ्यांना बोलावून मांड्या दाखवल्या.

सरांचा खरा शत्रू आळस नाही, पोपटी. जानेवारी म्हणजे वालाच्या शेंगांचा महिना. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा लावलेली कोंबडी, भोवती जाळ आणि रात्रभर गप्पा. संकल्प केलेला रायगडकर पहिल्याच शनिवारी शेतावर सापडतो. पूर्वी सर सोमवारी त्याची हजेरी घेत: "काय, किती चापलंत?" तो मंगळवारपासून येईनासा होई. आता सर म्हणतात की वाल आणि अंडी म्हणजे प्रथिनंच, पावडरचा डबा घेण्यापेक्षा बरं, फक्त सोमवारी या. जागतिक आरोग्य संघटना २०२० सालापासून आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तिने पोपटी बंद करायला सांगितलेलं नाही, हे सर प्रत्येकाला आवर्जून कळवतात. मला संशय आहे की त्यांनाही शनिवारचं बोलावणं असतं.

कारण सरांचं स्वतःचं पोट हल्ली जरा पुढे आलं आहे. गावाने ते लगेच टिपलं. दुकानात, लग्नात, हळदीकुंकवाला घरी आलेल्या बायकांत एकच वाक्य, "सर, तुम्हीच सुटलात की!" सर प्रत्येकाला चहा मागतात. नियम सगळ्यांना सारखा. पेणमध्ये त्यांना अजून कुणी चहा पाजलेला नाही.

यंदाच्या नव्या फ्लेक्सवर एवढंच आहे: "काय जमायला हवंय? या, बोलू." तो वाचून परवा एक ठेकेदार रोह्याच्या जिममध्ये आले. आठवडाभर आले, वही लिहिली आणि शेवटी सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, सगळं चांगलं आहे, पण मला असं गोड बोललेलं लागू पडत नाही. मला चारचौघांत शिव्या घाला, तरच मी येतो."

सरांनी विचार केला. म्हणाले, "शिव्यांचं पॅकेज वेगळं आहे. महिना २००० वर."

ठेकेदार चमकले. "नुसत्या बोलण्याचे दोन हजार?"

"बोलायचं पोराने. त्याचे चहाचे पैसे त्यातून वळते होतात."

ठेकेदारांनी थोडा वेळ हिशेब केला आणि विचारलं, "आणि महिन्यात १२ वेळा आलो, तर शिव्या कमी होतील का?"