नाना आणि ‘तथापि’

कुणाच्या घरी ट्रस्टडीडची फाइल कपाटातून खाली उतरली की आमच्या नानांना बोलावणं जातं. नाना बँकेच्या कायदा खात्यात होते. निवृत्त झाले ते फक्त पगारातून. दस्त वाचायचं काही सुटलं नाही. दस्तात ‘तथापि’ दिसला की ते चष्मा पुसतात आणि ‘अधीन राहून’ दिसलं की चहा मागवतात.

परवा आत्याच्या घरी हेच झालं. तिच्या सासऱ्यांनी २०११ साली नातवंडांसाठी दहा लाख रुपयांचा कौटुंबिक ट्रस्ट केला होता. पुढे ते वारले. यंदा आत्याच्या धाकट्या दिरांना उशिरा मुलगी झाली आणि तिला लाभार्थ्यांत घ्यायचं की नाही यावरून घरात तीन महिने धुसफूस चालली. बावीस पानी दस्त मात्र कुणीच पूर्ण वाचला नव्हता. प्रत्येकाने आपापल्या सोयीचं पान वाचलं होतं.

“धर्मादाय आयुक्तांकडे जाऊ,” दीर म्हणाले.

“ते सार्वजनिक ट्रस्टसाठी. हा खासगी. याला १८८२चा कायदा,” नाना म्हणाले आणि एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी पाच शब्द एकाखाली एक लिहिले : सेटलर, ट्रस्टी, लाभार्थी, गुंतवणूक, दुरुस्ती.

सेटलर म्हणजे पैसे देणारा, तेव्हा सासऱ्यांचं नाव लगेच सापडलं. पण नानांचं समाधान नावावर होत नाही. “त्यांनी स्वतःकडे काय राखून ठेवलं?” राखून ठेवलं होतं ते असं, की हयात असेपर्यंत दुरुस्तीला त्यांची लेखी संमती हवी. ‘हयात असेपर्यंत’खाली नानांनी दोन रेघा मारल्या.

ट्रस्टी तीन : आत्याचे यजमान, दीर आणि नणंदेचे यजमान.

“तिसरे आता नाहीत,” आत्या म्हणाली. “त्यांनी राजीनामा दिला.”

“कुठे आहे?”

व्हॉट्सॲपवर होता. ‘मला यात ओढू नका’ एवढाच, खाली हात जोडलेले. नानांनी तो मोबाइल पंचनाम्यातल्या वस्तूसारखा दोन बोटांत धरला. “एकदा ट्रस्टीपद स्वीकारलं की असं सोडता येत नाही. न्यायालयाची परवानगी हवी, नाहीतर सज्ञान लाभार्थ्यांची संमती हवी, नाहीतर दस्तातच तशी सोय हवी. इथे दोन लाभार्थी शाळेत आहेत आणि दस्तात सोय नाही. तेव्हा जावईबापू अजून ट्रस्टीच. हात जोडलेले असले तरी.”

गुंतवणुकीच्या बाबतीत दिरांनी कलम १२ पिवळ्या रंगाने रंगवलं होतं : ट्रस्टींना योग्य वाटेल तशी गुंतवणूक करता येईल. मित्राच्या रिसॉर्टमध्ये पैसे टाकायचा त्यांचा बेत होता.

“रंग थोडा अलीकडून सुरू करायला हवा होता,” नाना म्हणाले. वाक्याची सुरुवात होती, ‘कलम ९च्या अधीन राहून’. (आत्या न सांगता चहा ठेवायला उठली.) कलम ९ सांगत होतं की मुद्दल फक्त राष्ट्रीयीकृत बँकेतल्या ठेवींत आणि सरकारी रोख्यांत. म्हणजे ‘योग्य वाटेल तशी’ याचा अर्थ एवढाच उरला, की कोणत्या बँकेत आणि किती वर्षांसाठी हे ट्रस्टींनी ठरवावं.

दुरुस्तीचं कलम १७. सर्व ट्रस्टींनी एकमताने, लेखी दुरुस्ती करावी. तथापि, (चष्मा पुसला गेला) कोणत्याही लाभार्थ्याचा वाटा दुरुस्तीने कमी करता येणार नाही.

खोलीत शांतता पसरली. नवं नाव घातलं तर जुन्या चौघांचा वाटा कमी होणार, म्हणजे मार्ग बंद. शिवाय जोडलेल्या हातांची सही हवी ती वेगळीच. धाकट्या जाऊबाईंनी बाळाला उचललं आणि त्या आत जायला निघाल्या.

“बसा हो, लाभार्थी राहिलेत अजून,” नाना म्हणाले.

परिशिष्टात चार नातवंडांची नावं होती, तीच सगळ्यांना पाठ होती. नाना मात्र उलटे निघाले आणि पान दोनवर पोचले. तिथे व्याख्या होत्या. ते पान कुणी वाचत नाही, कारण त्यात भांडण्यासारखं काही नसतं. ‘नातवंडे म्हणजे परिशिष्टातील नातवंडे, तसेच या दस्तानंतर जन्मणारी व कायदेशीर दत्तक घेतलेली नातवंडे, सर्वांस समान वाटा.’

“दुरुस्ती कशाला? ही जन्मली त्या दिवसापासून लाभार्थी आहे. वाटा कमी झाला तो दुरुस्तीने नव्हे, मूळ दस्तानेच.”

तीन महिन्यांचं भांडण असं दोन ओळींत वाया गेल्यावर सगळ्यांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

बारशाचं आमंत्रण नानांना गेलंच. ‘सहकुटुंब, सहपरिवार येणे’ असं त्यावर छापलं होतं. नाना अकरा माणसं घेऊन आले, त्यात मुलीच्या सासरचेही. आत्या बघतच राहिली.

“‘परिवार’ची व्याख्या दिलेली नाही,” नाना जिलबी घेत म्हणाले. “‘तथापि’सुद्धा नाही.”