पिक्चर सांगणारे नाना

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. पिक्चर ते एकदा बघतात आणि पंधरा जणांना सांगतात.

सांगण्याची सुरुवात ठरलेली. ‘एक गाव असतं. तिथं एक मुलगा असतो.’ याच नानांना नातवाला झोपवायला बसवा, लगेच ‘एक होता राजा’ येतो. राजा गेला तो गेलाच. पिक्चरमधला मुलगा मात्र उद्याच्या खेळातही पुन्हा तिथंच सापडणार, म्हणून तो ‘असतो’. ‘आहे’सुद्धा नाही, कारण ‘गावात एक मुलगा आहे’ म्हटलं की श्रोते विचारतात, कुणाचा?

परवा नानांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढला. परेश मोकाशींचा 2009 सालचा, दादासाहेब फाळक्यांवरचा सिनेमा. ‘फाळक्यांचं छापखान्यातल्या भागीदाराशी बिनसलेलं असतं. मग ते एका तंबूत हलती चित्रं बघतात, वेडे होतात आणि थेट लंडनला जातात.’

‘जातात काय? गेले!’ मराठीच्या निवृत्त शिक्षिका जोशीबाई कडाडल्या. ‘1912 साली गेले.’

‘बाई, ते खरे फाळके. माझे आत्ता बोटीत बसतायत.’

बाई गप्प झाल्या, हे नवलच. पण नानांचं खरं होतं. चरित्र लिहिताना फाळके लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले आणि 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सिनेमा सांगताना मात्र ते जातात, येतात, तारामतीसाठी बाई मिळत नाही म्हणून हॉटेलातल्या साळुंक्यांना लुगडं नेसवतात. माणूस तोच, प्रवास तोच. छापखान्याचं भांडण पडद्यावरच्या गोष्टीच्याही आधीचं, म्हणून ते ‘बिनसलेलं असतं’. भूतकाळाला असं वर्तमानाच्या ओसरीवर बसवणं नानांना कुणी शिकवलेलं नाही.

पंचाईत होते ती मध्यंतरात. ‘साळुंके मिशी काढायला तयार होत नाहीत, तेवढ्यात इंटरव्हल झालं, मी वडा घेतला, चटणी संपली होती, परत येऊन बघतो तर काय, शूटिंग चालू!’ मिशी वर्तमानात, वडा भूतकाळात. वडा खाऊन झाला, तो परत कसा येणार? एवढं व्याकरण नाना नकळत पाळतात. ‘परत येऊन बघतो तर’ मात्र वर्तमानातच येतं, कारण तिथं नानांना स्वतःलाच पात्र व्हायचं असतं.

फक्त सोसायटीच्या अंकासाठी लेखणी हाती आली की ते गडबडतात. छापील म्हणजे भारदस्त, या समजुतीनं पहिल्या ओळीत फाळके ‘लंडनला गेले’, दुसरीत ‘कॅमेरा विकत घेतात’, तिसरीत ‘परतले’. वाचणाऱ्याला कळेना, घेतला कुणी आणि परतलं कोण. जोशीबाईंनी लाल पेन काढलं आणि सिनेमाच्या प्रदर्शनाचं साल सोडून उरलेली सगळी क्रियापदं वर्तमानात आणली.

नानांनी पान उलटसुलट बघितलं. ‘म्हणजे मी बोलतो तसंच की!’

‘तसंच,’ बाई म्हणाल्या, ‘वडा वगळून.’