रिझर्व्ह

बोरिवलीहून सातपाटीला यायचं तर शहाणी माणसं डहाणू लोकल पकडतात, पालघरला उतरतात आणि रिक्षात दाटीवाटीनं बसतात. लोकलची ही सोय २०१३ पासून आहे, आणि आईनं ती मला फोनवर त्या आठवड्यात नऊ वेळा सांगितली. पण मला मोटारसायकलचा परवाना मिळून आठ महिने झाले होते आणि तोवरचा सर्वांत लांबचा पल्ला भाजी मार्केटपर्यंतचा होता.

मामेभावानं शंभर सीसीची जुनी गाडी उसनी दिली, तीही मोठ्या मनानं. पेट्रोलचा काटा त्याच्या कॉलेजच्या दिवसांपासून शून्यावर झोपलेला. "दीडशेचं टाकलंय कालच," तो म्हणाला, "आणि संपलंच तर रिझर्व्ह आहेच की!" मला ते वाक्य फार धीराचं वाटलं. बँकेत मुदत ठेव असावी तसं.

दहिसर सोडलं, वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडला आणि अहमदाबाद हायवेवर कंटेनरांशी ओळख झाली. कंटेनर शेजारून गेला की वारा आधी तुम्हाला बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. पहिल्या तीन वेळा मी डोळे मिटले, हे आईला कळवू नये. मनोरला डावीकडे वळले, मासवणला सूर्या नदी लागली, आणि आता गाव आलंच म्हणून मी गाणंही सुरू केलं.

वाघोबा खिंडीत गाडीला खोकला लागला. मासा खाताना घशात काटा अडकावा तशी ती दोनदा आचकली आणि देवळाजवळ येऊन गप्प झाली. मी घाबरले नाही. मुदत ठेव होती ना! खाली वाकून टाकीखालचा कॉक शोधला. त्याचं तोंड आधीच रिझर्व्हकडे होतं.

इथं थोडं थांबून सांगते, कारण मलाही तोवर ठाऊक नव्हतं. रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नव्हे. टाकीच्या आत दोन नळ्या असतात, एक उंच आणि एक बुटकी. कॉक 'ऑन'वर असला की पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी तिच्या तोंडाखाली गेली की गाडी बंद पडते; तेव्हा कॉक फिरवून बुटक्या नळीवर जायचं आणि तडक पंप गाठायचा. म्हणजे रिझर्व्ह हा साठा नसून इशारा आहे. आमच्या बंधुराजांनी कॉक कायमचा बुटक्या नळीवर ठेवला होता. इशारा आधीच खर्च झालेला!

देवळासमोरची माकडं माझ्याकडे पाहत होती. वाघोबाला नमस्कार केला. तेवढ्यात मासळी विकून परतणारा, रिकाम्या टोपल्यांचा टेम्पो थांबला. मागं बसलेल्या मावशींनी आधी मूळ मुद्द्याला हात घातला, "कोणाची गो तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं.

"तांडेलाची पोर? आणि तेल न बघता निघालीस?"

बाबा होडी बंदराबाहेर काढण्याआधी डिझेलच्या टाकीत काठी बुडवून ओल कुठवर आली ते बोटानं मोजतात. हे मी लहानपणापासून बघत आले आहे. मोटारसायकललाही झाकण असतं, ते उघडतं, आत डोकावता येतं, हे मात्र कधी सुचलं नाही.

टेम्पोवाले काका उतरले. टाकीला कान लावून गाडी हलवली. आत बारीक 'डुचुक' झालं. मग त्यांनी ती डावीकडे इतकी कलंडवली, की मला वाटलं आता झोपवणारच. टाकी घोड्याच्या खोगिरासारखी सांगाड्यावर बसलेली असते; कॉक डाव्या बाजूला, आणि तळाशी उरलेलं पेट्रोल उजव्या खोलगटात अडकून पडतं. गाडी डावीकडे कलंडली की ते मधला उंचवटा ओलांडून कॉकच्या बाजूला येतं. काकांनी दहा आकडे मोजले, गाडी उभी केली आणि किक मारली. तिसऱ्या किकला ती उठली.

"पालघरच्या पंपापर्यंत पुरेल. पुढं मोजूमापू नको, भर!" ते म्हणाले.

भरलं. संध्याकाळी सातपाटीत पोचले तेव्हा मावशींच्या टेम्पोनं ही बातमी माझ्याआधी घरी पोचवली होती. बाबा काही बोलले नाहीत. पानात तळलेल्या पापलेटचा मधला तुकडा वाढला आणि काठी आणून माझ्या हेल्मेटशेजारी ठेवली.

परत देताना मी टाकी भरली, कॉक शिस्तीत 'ऑन'वर केला आणि तो केल्याचं सांगायला विसरले. तीन आठवड्यांनी मामेभावाची गाडी रस्त्यात बंद पडली. कॉक रिझर्व्हवरच असणार या खात्रीनं त्यानं खाली वाकूनही पाहिलं नाही. भर उन्हात दोन किलोमीटर गाडी ढकलली, रिझर्व्हसकट.